उधारीचा हिशोब – भाग 6 : पत्र शेठच्या नावाचं, वाचणारा तिसराच

गेल्या भागात बिल आणि चलन जपून ठेवण्याविषयी लिहिलं होतं. आता त्या कागदांना कामाला लावायची वेळ. चार महिने फोन झाले, ‘पुढच्या आठवड्यात करतो’ चारदा ऐकून झालं, आणि आता कोर्टाची किंवा सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेची पायरी चढायची तर आधी एक रीतसर मागणीपत्र द्यावं लागतं. हे पत्र बहुतेक लोक बिघडवतात, कारण ते चिडून लिहितात. आपल्या मनातला वाचक असतो मिलचा शेठ. त्याला लाज वाटावी, भीती वाटावी, अशी वाक्यं सुचत जातात. पण शेठ हे पत्र अर्धंच वाचतो आणि मेहताजींकडे सरकवतो. ते शेवटपर्यंत वाचणारा माणूस वेगळा असतो. तो सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी फाईल उघडणारा परिषदेचा सदस्य किंवा न्यायाधीश. त्याला तुम्ही किती दुखावलात यात रस नाही. माल कधी गेला, कोणाला गेला, पैसे कधी यायला हवे होते, एवढंच त्याला शोधायचं असतं.

उदाहरण पलसाण्याचं घेऊ. सुरतेच्या आग्नेयेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा हा तालुका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलांचा. तयार कापड पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळलं जातं आणि त्या नळ्या बनवणारे छोटे कारखाने मिलांच्या आसपासच असतात. समजा असा एक कारखाना नंदुरबारकडून येऊन उधन्यात स्थिरावलेल्या एका माणसाचा आहे. त्याने एका प्रोसेस मिलला दोन खेपा दिल्या : 5 एप्रिल 2024ला 2,20,000 रुपयांची आणि 6 मे 2024ला 1,80,000ची, दोन्ही जीएसटीसकट. बोली 60 दिवसांच्या धाऱ्याची, म्हणजे उधारीच्या मुदतीची. लेखी काहीच नाही. नोव्हेंबर उजाडला तरी एक रुपया आला नाही. माणूस आणि मिल कल्पित आहेत, कायदा आणि व्याजदर खरे.

पहिली अडचण नावाची. मिलच्या फाटकावर एक नाव, ऑर्डर देणाऱ्या माणसाच्या तोंडी दुसरं, आणि बिल तिसऱ्याच फर्मच्या नावावर. सुरतेकडच्या धंद्यात एका कुटुंबाच्या चार-पाच फर्म असणं हे रोजचं. पाटीवरच्या नावाने पत्र गेलं की ‘आमचा या व्यवहाराशी संबंध नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते खरं असतं. म्हणून बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून कायदेशीर नाव पाहावं. ‘प्रा. लि.’ असेल तर पत्र कंपनीच्या नावाने, भागीदारी असेल तर फर्म आणि भागीदारांच्या नावाने, एकट्याचा धंदा असेल तर त्या माणसाच्या नावाने. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय बऱ्याचदा मिलपासून दूर, शहरात असतं. पत्र दोन्ही पत्त्यांवर जावं.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे पुरवठादार स्वतःचंच नुकसान करतो. तो लिहितो, ‘60 दिवसांचा धारा संपून बरेच दिवस झाले.’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा 2006चा एमएसएमईडी कायदा तोंडी धारा मोजतच नाही. कलम 15 सांगतं की मुदत लेखी ठरली असेल तर ती, पण कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांपेक्षा जास्त नाही. लेखी काहीच नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवस संपले की पैसे थकले. आपल्या कारखानदाराकडे लेखी करार नाही, म्हणजे पहिल्या खेपेचे पैसे 20 एप्रिललाच द्यायला हवे होते. तरीही मी त्याला 45 दिवस धरूनच मांडणी करायला सांगेन. बिलाच्या तळाशी छापलेल्या एखाद्या ओळीला मिलचा वकील ‘लेखी मुदत’ म्हणू शकतो, आणि सात-साडेसात हजारांच्या व्याजासाठी तो वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही. 45 दिवसांवर मात्र वादाला जागाच उरत नाही. 5 एप्रिलची खेप 20 मेला देय झाली, 6 मेची 20 जूनला.

त्याच कायद्यात ‘स्वीकारलं’ म्हणजे काय तेही लिहिलेलं आहे. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी तक्रार केली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. नळ्या वाकड्या निघाल्या, माप कमी पडलं, असे शोध पैसे मागितल्यावर लागतात हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून ‘आजपर्यंत आपली कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही’ हे वाक्य पत्रात हवंच. आणि ‘मालाबद्दल काही तक्रार असल्यास बसून बोलू’ हे वाक्य नको. सौजन्य म्हणून लिहिलेली ती ओळ पुढे वाद आधीपासून होता याचा पुरावा म्हणून तुमच्याच समोर ठेवली जाते.

आता व्याज. कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज मिळतं. फेब्रुवारी 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात बँक रेट 6.75 टक्के होता. त्याची तिप्पट 20.25, महिन्याला 1.6875 टक्के. पहिल्या खेपेवर पहिल्या महिन्याचं व्याज 3,712 रुपये 50 पैसे. दुसऱ्या महिन्यात ते मुद्दलात मिळतं, मग 2,23,712.50 वर 3,775 रुपये. असं 20 मे ते 20 नोव्हेंबर, सहा महिन्यांत 23,236 रुपये होतात. दुसऱ्या खेपेवर पाच महिन्यांचे 15,709. एकूण व्याज 38,945, आणि मुद्दलासह मागणी 4,38,945 रुपयांची. बँक रेट बदलला की त्या महिन्यापासून दर बदलायचा. एकच दर सगळीकडे ओढून नेलेला तक्ता मिलच्या सीएला पहिल्या नजरेत सापडतो, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही तो शंका घेतो.

हे सगळं लागू होण्यासाठी अट अशी की पुरवठादाराची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असावी. सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात तसंच म्हटलं. जानेवारी 2025मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळं मत नोंदवून हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला, पण नोंदणी आधीची असेल तर या वादात पडावंच लागत नाही. दुसरं असं की आपला कारखानदार नळ्या स्वतः बनवतो म्हणून ठीक. दुसऱ्याकडून घेऊन नुसत्या विकत असता, तर उद्यम क्रमांक असूनही हे व्याज मिळालं नसतं, कारण 2021मध्ये व्यापाऱ्यांना उद्यमची दारं उघडली ती फक्त बँककर्जाच्या सवलतीपुरती. अशा व्यापाऱ्यासाठी पत्राचं महत्त्व उलट वाढतं. व्याज आणि पैसे देण्याची तारीख लेखी ठरलेली नसेल तर 1978च्या व्याज कायद्याप्रमाणे, व्याज मागणार असल्याचं लेखी कळवल्याच्या तारखेपासूनच न्यायालय व्याज देऊ शकतं. पत्र तीन महिने लांबलं तर तीन महिन्यांचं व्याज बुडू शकतं.

पत्राचा गाभा असा होतो. खरं पत्र गुजराती किंवा इंग्रजीत द्यावं, मेहताजींना आणि पुढे परिषदेला तेच सोयीचं. इथे मराठीत देतो :

‘आपल्या ऑर्डरप्रमाणे आम्ही बनवलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या सोबतच्या तक्त्यातील दोन बिलांनी आपल्या पलसाणा येथील मिलमध्ये पोहोचवल्या. चलनांवर आपल्या गेटचा आवक शिक्का व सही आहे. मालाबाबत आपली कोणतीही लेखी तक्रार आलेली नाही. बिलांचे 4,00,000 रुपये अनुक्रमे 20 मे व 20 जून 2024 रोजी देय झाले. एमएसएमईडी कायदा 2006च्या कलम 15 व 16 प्रमाणे 20 नोव्हेंबर 2024 पर्यंतचे व्याज 38,945 रुपये होते. एकूण 4,38,945 रुपये व पुढील व्याज 5 डिसेंबर 2024 पर्यंत खालील खात्यात जमा करावे. तसे न झाल्यास कलम 18 प्रमाणे परिषदेकडे अर्ज दाखल करू.’

खाली उद्यम क्रमांक, सोबत बिलं, चलनं आणि व्याजाचा तक्ता. एवढंच. पोलिसांची धमकी नाही, बाजारात बदनाम करू असं नाही. ‘एनसीएलटीत नेऊन दिवाळं काढू’ हे वाक्य काही वकिलांच्या नोटिशीत सवयीने येतं, पण मार्च 2020पासून त्या दारासाठी थकबाकी किमान 1 कोटीची लागते. चार लाखांच्या पत्रात ती धमकी वाचली की मिलचा वकील निवांत होतो.

चेक परत आला असेल तर त्याची नोटीस वेगळी, या पत्रात मिसळायची नाही. ती बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत द्यावी लागते आणि तिच्यात नेमकी चेकचीच रक्कम मागावी लागते. 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात चेक 1 कोटीचा होता आणि नोटिशीत 2 कोटी लिहिले गेले होते. टंकनाची चूक हे कारण चाललं नाही, फौजदारी तक्रार तिथेच संपली.

पत्र पोचवणं हे लिहिण्याइतकंच महत्त्वाचं. स्पीड पोस्टने, पूर्ण पत्त्यावर, पोचपावतीसह पाठवावं आणि ईमेलही करावा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर अनेकांचा धीर सुटतो. खरं तर बरोबर पत्त्यावर पाठवलेल्या पत्राचा नकार म्हणजे पोच, असंच न्यायालयं धरतात. ते पाकीट न उघडता फाईलला लावावं. आत काय होतं हे त्या तिसऱ्या वाचकासमोर उघडून दाखवता येतं.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. मागणीपत्र दिलं की तीन वर्षांची मुदत पुन्हा सुरू होते, असं अनेकांना वाटतं. होत नाही. तुम्ही दहा पत्रं पाठवली तरी मुदत पहिल्या तारखेपासूनच चालते. ती नव्याने सुरू होते समोरच्याच्या कृतीने, तीही मुदत संपण्याआधी झालेल्या : त्याने सही करून बाकी लेखी कबूल केली, किंवा काही रक्कम दिली आणि त्याची त्याच्या बाजूची लेखी नोंद आहे. त्याने सही करून दिलेला 25,000चा चेक ही अशी नोंद ठरते. रोखीने हातावर टेकवलेले ठरत नाहीत. म्हणून पत्रासोबत खातेउतारा जोडून ‘मिळवून सही-शिक्क्यासह परत द्यावा’ अशी विनंती करावी. मेहताजी कधीकधी वार्षिक ताळेबंदाच्या सवयीने तो शिक्का मारूनही देतात.

पत्रानंतर फोन येतोच. ‘नोटीस कशाला पाठवली भाई, घरचे संबंध आपले. व्याज सोडा, मुद्दल दोन हप्त्यांत घ्या.’ व्याज सोडायचं की नाही हा धंद्याचा निर्णय, मिल पुढेही माल घेणार असेल तर सोडणं शहाणपणाचंही ठरू शकतं. पण त्याच संध्याकाळी ईमेलने कळवावं की आपण अमुक दोन तारखांना दोन-दोन लाख देण्याचं मान्य केलंत, दोन्ही वेळेवर आले तर व्याजाचा हक्क सोडू, एकही चुकला तर 20 नोव्हेंबरच्या पत्राप्रमाणे पूर्ण मागणी कायम राहील.

पुढच्या भागात : 5 डिसेंबर उलटला आणि पैसे आले नाहीत, तर कलम 18चा अर्ज कसा भरायचा.