फोन हरवला, तर पासकीचं काय होतं?

फेसबुकने जून २०२५मध्ये मोबाइलवर पासकीची सोय जाहीर केली. एक्स, व्हॉट्सअ‍ॅप आणि लिंक्डइनवर ती त्याआधीच आली होती. पासवर्ड टाइप करण्याऐवजी फोनवर बोट टेकवायचं की खातं उघडतं. तरीही अनेक जण तिच्यापासून लांब राहतात, कारण मनात शंका असते की किल्ली फोनमध्ये ठेवली आणि फोनच गेला तर काय करायचं? शंका रास्त आहे. तिचं उत्तर समजायचं तर पासकी नेमकी कशी चालते ते आधी पाहायला हवं.

घरगुती मसाले विकणाऱ्या डोंबिवलीच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. त्यांचा सगळा धंदा फेसबुक पेजवर चालतो. एक दिवस मेसेंजरवर निरोप येतो: ‘तुमच्या पेजविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत पेज बंद होईल, खुलासा करायला खालील लिंक उघडा.’ लिंक उघडली की हुबेहूब फेसबुकसारखं पान दिसतं. बाई घाईघाईने पासवर्ड टाकतात. पलीकडे बसलेला भामटा तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या फेसबुकवर टाकतो. खरं फेसबुक बाईंना ओटीपी पाठवतं, खोटं पान तो ओटीपी मागतं आणि बाई तोही देतात. पुढच्या दहा मिनिटांत पेजचा ईमेल आणि पासवर्ड बदललेला असतो. पासवर्ड कितीही अवघड असला, तरी इथे त्याचा उपयोग नाही. तो माणसाला माहीत असतो, म्हणून माणसाला फसवून काढून घेता येतो.

पासकीत सांगण्यासारखं काही नसतंच. ती तयार करताना फोन एकमेकींशी गणिताने जोडलेल्या दोन किल्ल्या बनवतो. त्यातली उघड किल्ली फेसबुककडे जाते आणि गुप्त किल्ली आपल्याकडे राहते. लॉगिन करताना फेसबुक एक लांबलचक, दर वेळी नवा असलेला आकडा पाठवतं. आपण बोट टेकवलं किंवा पिन टाकला की फोन गुप्त किल्लीने त्या आकड्यावर सही करतो आणि फेसबुक उघड किल्लीने ती सही तपासतं. गुप्त किल्ली फेसबुककडे जात नाही आणि बोटाचा ठसाही जात नाही. ठसा फक्त फोनला ‘मालक हाच’ एवढं पटवण्यापुरता असतो. उद्या फेसबुकच्या सर्व्हरवरून उघड किल्ल्या चोरीला गेल्या, तरी त्यांच्या जोरावर कुणाला लॉगिन करता येणार नाही.

भामट्याचं पान अडतं ते आणखी एका गोष्टीमुळे. पासकी facebook.com या पत्त्याशी बांधलेली असते. खोट्या पानाच्या पत्त्यात facebook हा शब्द असला, चित्रं आणि रंग तेच असले, तरी पत्ता वेगळा म्हटल्यावर ब्राउझर तिथे ही पासकी पुढेच करत नाही. डोळ्यांना न कळणारा फरक यंत्राला कळतो. म्हणून आपल्या नेहमीच्या फोनवर एखादं पान ‘पासकी चालत नाही, पासवर्ड टाका’ म्हणू लागलं, तर तिथेच थांबावं. फेसबुकने पासवर्डचा जुना दरवाजा बंद केलेला नाही, आणि भामटे तिथूनच शिरायला बघणार.

आता फोन हरवल्याचं पाहू. बाईंचा अँड्रॉइड फोन संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये गेला. चोराच्या हातात काय लागलं, हे स्क्रीन लॉकवर अवलंबून आहे. फोन लॉक असेल आणि पिन त्याला माहीत नसेल, तर पासकी त्याला वापरता येत नाही. पण गर्दीत खांद्यावरून डोकावून त्याने चार आकडी पिन आधीच पाहिला असेल, तर त्याच पिनने पासकीही वापरता येते. शिवाय फोन उघडा हाती लागला, तर पासकीची गरजही पडत नाही, कारण फेसबुक अ‍ॅप आत लॉगिन होऊनच बसलेलं असतं. यावर आयफोनमध्ये चांगला उपाय आहे: Stolen Device Protection सुरू असेल, तर घराबाहेर पासकी वापरायला चेहरा किंवा बोटच लागतं, नुसता पासकोड चालत नाही.

म्हणून घरी आल्यावर बाईंनी यजमानांच्या फोनवरून android.com/find उघडावं आणि आपल्या गूगल खात्याने आत जाऊन हरवलेला फोन लॉक करावा. फेसबुकचा पासवर्ड लक्षात असेल, तर त्याने लॉगिन करून Accounts Center मधल्या Password and security या भागात जावं आणि जुन्या फोनवरचं लॉगिन बंद करावं. पोलिसांत तक्रार दिली की तिची प्रत जोडून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय क्रमांक ब्लॉक करता येतो.

आणि पासकी? ती हरवलेल्या फोनबरोबर संपत नाही. अँड्रॉइडवर ती सहसा Google Password Manager मध्ये, तर आयफोनवर आयक्लाउड कीचेनमध्ये साठते, आणि तिची कुलूपबंद प्रत त्या खात्यात असते. बाईंनी नवा फोन घेऊन त्याच गूगल खात्याने लॉगिन केलं, की पासकी परत मिळवण्यासाठी जुन्या फोनचा स्क्रीन लॉक किंवा Google Password Manager चा पिन विचारला जातो. हे कुलूप गूगललाही उघडता येत नाही. चुकीच्या पिनला मोजकीच संधी मिळते, त्यामुळे अंदाजाने आकडे टाकत बसू नये. पिन आठवलाच नाही, तर जुन्या पासकी सोडून द्याव्या लागतात आणि फेसबुकवर पासवर्डने जाऊन नवी पासकी करावी लागते. चोराला पिन माहीत असल्याची शंका असेल, तरीही फेसबुकच्या सेटिंगमधून जुनी पासकी काढून नवी करावी. तिकडची उघड किल्ली पुसली गेली, की चोराकडच्या गुप्त किल्लीला जोडच उरत नाही.

खरी अडचण येते ती गूगल खात्यात शिरताना. गूगल नव्या फोनवर ओटीपी मागतं आणि तो येतो हरवलेल्या नंबरवर. बाई डुप्लिकेट सिम घेतात, पण सिम बदलून होणारे घोटाळे टाळण्यासाठी नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. म्हणजे फोन असतो, सिम असतं, पासकीही क्लाउडमध्ये शाबूत असते, पण एक दिवस आत जाता येत नाही. ऑर्डरी थांबतात.

यावरचा उपाय फोन हातात असतानाच करून ठेवावा लागतो. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात Backup codes मिळतात. ते एका वेळी १० असतात, प्रत्येक आठ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरात रेशनकार्ड-पासबुकाच्या पिशवीत ठेवावेत, फोनच्या कव्हरमध्ये नव्हे. घरातला जुना टॅब किंवा लॅपटॉप त्याच गूगल खात्याला जोडलेला असेल, तर तिथूनही काम होतं. मात्र अँड्रॉइड जाऊन आयफोन आला, तर गूगलकडची पासकी आयक्लाउडमध्ये आपोआप जात नाही. अशा वेळी आयफोनवरही Google Password Manager वापरावा, किंवा एकदा लॉगिन करून आयफोनसाठी वेगळी पासकी करावी. एका खात्याला एकाहून जास्त पासकी ठेवण्याची सोय असेल, तिथे दोन्हीही ठेवता येतात.