सेटअपला कुलूप असलेला जुना लॅपटॉप

कंपनीतून निघालेला डेल लॅटिट्यूड घेतला. विंडोज छान चालतं, पण अभ्यासासाठी व्हर्च्युअलायझेशन चालू करायला गेलं, तर सेटअप अॅडमिन पासवर्ड मागतो. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारा, निघून जाईल.’

तो निघत नाही. हा पासवर्ड डिस्कवर नसतो, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतो. विंडोज दहा वेळा टाका, नवी एसएसडी बसवा, त्याला धक्काही लागत नाही.

दुसरा समज बटन सेल काढण्याचा. जुन्या डेस्कटॉपवर ही युक्ती चालायची, म्हणून ती अजून सांगितली जाते. बिझनेस लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड वीज गेली तरी टिकेल अशा जागी ठेवतात, कारण चोराच्या हाती मशीन पडलं तरी ते उघडू नये, हाच त्याचा हेतू. सेल काढून फार तर घड्याळ मागे जाईल.

मग विकणाऱ्याकडे जा, आणि तेही लवकर. माल बहुधा कंपनीकडून रिफर्बिशरकडे आणि तिथून दुकानात येतो. दुकानदाराला पासवर्ड ठाऊक नसला, तरी माल कुठून उचलला हे त्याला माहीत असतं आणि मूळ कंपनीच्या आयटी विभागाकडे पासवर्डची नोंद असू शकते. पासवर्ड मिळाला की एफ२ दाबून सेटअपमध्ये सिक्युरिटीखाली जुना पासवर्ड भरायचा, नव्याची जागा कोरी ठेवून सेव्ह करायचं. तो मिळाला नाही, तर मशीन बदलून मागायला संकोच नको.

‘बिल आहे, म्हणजे डेल लगेच उघडून देईल’ हेही अर्धंच खरं. डेलच्या नोंदीत मशीन अजून जुन्या मालकाच्या नावावर असतं. आधी मालकी हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो, त्यात आधीच्या मालकाचा तपशील लागतो. म्हणून बिलावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग लिहून घ्या. स्टिकर पुसट असेल, तर पॉवरशेलमध्ये हे टाका:

```
(Get-CimInstance Win32_BIOS).SerialNumber
```

मालकी पटली की सपोर्ट पासवर्ड काढायला मदत करतो. मात्र आधीच्या आयटीवाल्यांनी मास्टर पासवर्ड लॉकआउट चालू ठेवला असेल, तर मदरबोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही. लेनोवो थिंकपॅडवर सुपरवायझर पासवर्ड विसरला, तर थेट तोच खर्च, शिवाय खरेदीचा पुरावा दाखवावा लागतो. जुन्या मशीनला हा व्यवहार क्वचितच परवडतो.

खरेदीआधीची तपासणीही नीट करावी. एफ२ दाबल्यावर सेटअप उघडला, एवढ्यावर समाधान मानू नका. पासवर्ड असूनही अनेक लॅटिट्यूडमध्ये पानं दिसतात, फक्त बदल करता येत नाहीत आणि खाली अनलॉकचं बटन असतं. दुकानातच एखादी सेटिंग बदलून सेव्ह करून पाहा, मगच पैसे द्या.