पगारातले दोनशे रुपये

पहिल्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर २००’ दिसला, तर तो राज्य सरकारचा कर आहे. महाराष्ट्रात पुरुषांना महिना ७,५०० रुपयांपर्यंत तो नाही. १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २०० रुपये. स्त्रियांना २५,००० पर्यंत माफी आहे. फेब्रुवारीत मात्र ३०० कापतात, कारण घटनेने ठरवलेली वार्षिक २,५०० ची मर्यादा तशीच पूर्ण होते.

समजा, २८,००० पगारावर एखादी मुलगी जुलैत रुजू झाली. मार्चअखेर तिचे १,९०० रुपये कापले जातील. कापून सरकारकडे भरणे ही मालकाची जबाबदारी. वार्षिक टीडीएस प्रमाणपत्रात हीच रक्कम आहे का, हे पगारपत्रकांशी ताडून पाहा. प्राप्तिकरात तिची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.