उत्पन्न नसलेल्या गृहिणीचे पहिले क्रेडिट कार्ड

क्रेडिट कार्ड देताना बँक दोनपैकी एक गोष्ट पाहते : नियमित उत्पन्न किंवा हाताशी असलेले तारण. कर्जत-खालापूर भागातील बहुतेक घरांत पगार नवऱ्याच्या खात्यावर जमा होतो. मग तो खोपोलीच्या कारखान्यातला असो वा लोकलने मुंबई गाठून मिळवलेला. अर्जातील व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले की पगाराची पावती आणि विवरणपत्र हे दोन्ही कागद नसतात, आणि साधा अर्ज बहुधा तिथेच अडतो.

नवऱ्याच्या कार्डावर पुरवणी कार्ड मिळते, पण त्याची देणेदारी मुख्य कार्डधारकाची असते. म्हणून त्यावर कितीही वर्षे खरेदी केली तरी पत सहसा नवऱ्याचीच वाढते. गृहिणीच्या स्वतःच्या नावावर पत उभी राहायची तर मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा सरळ मार्ग आहे. ठेवीवर बँक बोजा चढवते आणि तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादेचे कार्ड देते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ठेवीवरचे व्याज चालू राहते, मात्र कार्ड बंद करून बाकी चुकती होईपर्यंत ठेव मोडता येत नाही.

नेरळमधील एका गृहिणीचे उदाहरण घेऊ. घरखर्चातून वाचवलेले २५,००० रुपये तिने ठेवीत ठेवले आणि ८० टक्क्यांप्रमाणे २०,००० रुपये मर्यादेचे कार्ड घेतले. ठेव तिच्या एकटीच्या नावावर हवी. संयुक्त ठेवीवर बऱ्याच बँका कार्ड देत नाहीत. ठेवीचा पैसा नवऱ्याने दिलेला असेल, तर प्राप्तिकराच्या हिशेबात तिचे व्याज सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते. ही बाब काउंटरवर क्वचितच सांगितली जाते.

खरी खोळंबा करणारी गोष्ट नावाची असते. पॅनवर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे असंख्य महिलांच्या बाबतीत आढळते. पडताळणीत अर्ज परत येतो, किंवा पुढे पतनोंदी दोन नावांखाली विखुरतात. कार्डाचा अर्ज करण्याआधी पॅन, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव एकसारखे करून घेणे सोयीचे.

कार्ड आल्यावर या गृहिणीने किराणा आणि वीजबिल मिळून महिन्याला ६,००० रुपये खर्च केले. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहिलेला खर्च पतगुणांकाला पोषक असतो. बिलावर दोन आकडे छापलेले असतात : एकूण देय ६,००० आणि किमान देय ३००. घोटाळा या दुसऱ्या आकड्यात आहे. केवळ ३०० भरले तर दंड लागत नाही, पण व्याज खरेदीच्या तारखेपासून चढते. महिना साडेतीन टक्के दर धरल्यास ते २०० रुपयांच्या वर जाते, शिवाय त्यावर १८ टक्के जीएसटी. साडेसहा टक्क्यांनी तिच्या ठेवीला महिन्याला मिळतात जेमतेम १३५ रुपये. पूर्ण बिल मुदतीत भरले तर या खरेदीवर व्याज शून्य.

बिलाची मुदत उलटून तीन दिवसांपेक्षा अधिक झाले की ते खाते थकीत म्हणून पतमाहिती कंपन्यांकडे कळवले जाऊ शकते. ठेव तारण आहे म्हणून नोंद टळत नाही. बँक ठेवीतून पैसे वळते करून घेईल, पण थकबाकीचा डाग अहवालात राहील. नियमित भरणा असेल तर साधारण सहा महिन्यांनी ३०० ते ९०० या पट्टीवरचा गुणांक दिसू लागतो. तो अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात कार्डाची नोंद आपल्याच नावाखाली आहे ना, हे ताडून पाहता येते.

ठेवीइतकी रक्कम साठलेली नसेल, तर पहिले पाऊल कर्जाचे असते. बचत गटाचे बँककर्ज गटाच्या नावावर असते, त्यामुळे सदस्येच्या वैयक्तिक पतनोंदीत ते नेहमी उतरतेच असे नाही. सूक्ष्म वित्तकर्जाचा नियम गृहिणीला अधिक उपयोगी आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांत उत्पन्न व्यक्तीचे नव्हे, कुटुंबाचे मोजतात, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण मिळते. घरात महिन्याला २०,००० येत असतील, तर सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे १०,००० च्या पुढे जाता कामा नयेत. नवऱ्याच्या मोटारसायकलचा ४,००० रुपयांचा हप्ता चालू असेल तर पत्नीच्या नव्या कर्जाला उरतात ६,०००. मुदतीआधी कर्ज फेडले तर त्यावर दंड आकारता येत नाही.