रात्री न उतरणारा रक्तदाब

रक्तदाब दिवसभर सारखा नसतो. निरोगी माणूस गाढ झोपला की त्याचा दाब जागेपणाच्या तुलनेत साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो, नाडी मंदावते आणि हृदयाला रोज काही तासांची विश्रांती मिळते. काही लोकांच्या बाबतीत मात्र हा उतार येतच नाही. दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा बरा दिसतो, पण दंडाला चोवीस तास पट्टा बांधून दर अर्ध्या तासाला दाब मोजला, की रात्रीचा आलेख दिवसाइतकाच उंच निघतो, कधी त्याहूनही उंच. मीठ कमी केलेलं असतं, गोळ्या वेळेवर चालू असतात, तरी सकाळचा दाब काही केल्या खाली येत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी विचारायलाच हवा असा एक प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा रुग्णाकडे नव्हे तर त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाकडे असतं: हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात का?

कारण घोरण्याइतकंच त्या गप्प होण्याकडेही लक्ष द्यायला हवं. नाकाच्या आतल्या वाटेला हाडांचा आधार असतो, स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला कूर्चेचा. या दोहोंच्या मधला घशाचा भाग मात्र केवळ स्नायूंच्या जोरावर उघडा राहतो. जागेपणी जिभेला पुढे ओढून धरणारा स्नायू प्रत्येक श्वासाच्या वेळी किंचित ताणला जातो आणि वाट मोकळी ठेवतो. झोपेत हा ताण सैल पडतो. ज्यांचा घसा मोठा आहे त्यांना त्याने फरक पडत नाही. पण मान जाड असेल, जिभेत आणि घशाच्या भिंतींत चरबी साठली असेल, किंवा जबडा लहान आणि मागे असेल, तर वाट आधीच अरुंद असते. उसाच्या रसाच्या पेल्यातली कागदी नळी भिजून मऊ पडली, की जोरात ओढल्यावर तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. घशाचं नेमकं तेच होतं. भिंती थरथरतात तोवर घोरणं ऐकू येतं. त्या पूर्ण मिटल्या की आवाज थांबतो.

आवाज थांबला तरी छाती थांबत नाही. श्वासपटल खाली ओढत राहतं, पोट हलत राहतं, हवा मात्र आत येत नाही. निदान दहा सेकंद असं झालं तर त्याला ॲप्निया म्हणतात. अनेकांत ते वीस-तीस सेकंद चालतं, कधी मिनिटभर. रक्तातला प्राणवायू घसरतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीलगतच्या इवल्या संवेदकांना हे कळतं आणि ते मेंदूला इशारा देतात. मेंदू काही सेकंदांपुरता जागा होतो, स्नायू आवळतात, घसा उघडतो आणि मोठ्या धापेसह श्वास सुरू होतो. झोपलेल्याला यातलं काही आठवत नाही. तो पुन्हा झोपतो आणि घसा पुन्हा मिटतो. तासाला अशा अडथळ्यांची संख्या पाचपर्यंत असेल तर काळजीचं कारण मानत नाहीत. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र आजार. उताणं झोपल्यावर, दारू प्यायल्यावर आणि स्वप्नांच्या झोपेत हे प्रमाण वाढतं. म्हणूनच पहाटेचे तास अनेकांना सर्वांत वाईट जातात, कारण स्वप्नांची झोप तेव्हाच जास्त असते.

आता हृदयाकडे. श्वास अडलेला असताना संकटाची सूचना देणारी मज्जासंस्था चेतते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. घसा उघडतो त्या क्षणी हृदय जोमाने रक्त फेकू लागतं, पण पुढच्या वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात. त्यामुळे दाबाची उसळी श्वास बंद असताना नव्हे, तर तो सुरू झाल्यावर लगेच सर्वांत उंच जाते. विरेंद सोमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये हे रुग्णांच्या नसांत बारीक सुई घालून प्रत्यक्ष मोजलं. जागेपणी सरासरी ९२ असलेला मध्यम दाब स्वप्नांच्या झोपेत श्वास अडकण्याच्या शेवटी १२७पर्यंत चढत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या रुग्णांची ही मज्जासंस्था दिवसा, शांत बसलेले असतानाही, इतरांपेक्षा जास्त चेतलेली होती. रात्रभर प्राणवायूच्या चढउतारांना सरावलेले मानेतले संवेदक जागेपणीही अतिसावध राहतात, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. रात्रीच्या उसळ्यांतून दिवसाचा कायमचा रक्तदाब तयार होतो तो बराचसा या वाटेने.

दुसरा मार निव्वळ यांत्रिक आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीच्या पोकळीत जोरदार निर्वात तयार होतो. त्यामुळे हृदयाच्या पातळ भिंतींचे वरचे कप्पे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. रात्रीमागून रात्री ताणले गेलेले हे कप्पे मोठे होतात आणि त्यांतली विजेची लय बिघडू लागते. ठोके अनियमित करणारं एट्रियल फिब्रिलेशन या रुग्णांत जास्त आढळतं, त्यामागे हे एक कारण आहे. ताणलेले कप्पे ‘शरीरात पाणी जास्त झालंय’ असा चुकीचा अर्थ घेऊन लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतात. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं म्हणून साखर तपासून झालेले, प्रोस्टेटची सोनोग्राफी करून आलेले कित्येक पुरुष मुळात श्वासाचे रुग्ण असतात. हा धागा फार सहज निसटतो.

मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५मध्ये अचानक हृदयक्रिया बंद पडून गेलेल्या आणि पूर्वी झोपेची तपासणी झालेल्या ११२ जणांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना स्लीप ॲप्निया होता त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळेत झाला होता. ज्यांना तो नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होतं.

मग ओळखायचं कसं? प्रत्येकाला रात्रभर तारा लावून झोपवणं शक्य नाही. टोरोंटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांना शस्त्रक्रियेआधी धोक्याचे रुग्ण झटपट हेरायचे होते. त्यासाठी त्यांनी २००८मध्ये ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी मांडली. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, रक्तदाब आहे का. आणि मग बॉडी मास इंडेक्स ३५च्या वर, वय पन्नाशीच्या पुढे, मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आणि पुरुष असणं. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. दोनपर्यंत धोका कमी, तीन-चारला मध्यम, पाच आणि वर जास्त.

समजा, पुण्यातल्या एका बँकेचे ५२ वर्षांचे शाखाधिकारी आहेत. उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, मान ४२ सेंटिमीटर. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या चालू, तरी सकाळी १५०/९६. बायको म्हणते, घोरतात आणि मध्येच श्वास अडकतो. जेवणानंतर फाइलवर डुलकी लागते. बॉडी मास इंडेक्स २९, म्हणजे त्याचा गुण नाही. बाकी सगळे मिळून सात. तेच गृहस्थ बदलीच्या गावी एकटे राहत असते, तर घोरणं आणि श्वास थांबणं हे दोन्ही ‘माहीत नाही’ झालं असतं. थकव्याला त्यांनी ‘कामाचा ताण’ म्हटलं असतं, तर गुण चारवर आले असते. एकट्या माणसाचा कमी गुण म्हणूनच जपून वाचावा लागतो.

वजनाचा निकषही आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. आशियाई चेहऱ्याची आणि जबड्याची ठेवण अशी, की कमी वजनातही घसा मिटू शकतो. डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचे अडथळे होते, तर ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची झोपही छळत होती. ३५ इंडेक्सची वाट पाहणारी यादी अशा पुरुषांना एक गुण नाकारते.

बायकांवर तर यादी अधिकच अन्याय करते. पाळी गेलेली ४९ वर्षांची स्त्री, इंडेक्स ३२, मान ३७. तक्रार घोरण्याची नाही. रात्री झोप मोडते, सकाळी डोकं जड असतं, दिवसभर अंगात त्राण नसतं, शिवाय रक्तदाब. गुण दोन, शिक्का ‘कमी धोका’. तरीही तिची तपासणी व्हायला हवी. उलट बाजूची चूकही मोठी आहे. मूळ अभ्यासात मध्यम आणि तीव्र आजाराचे सुमारे ९३ टक्के रुग्ण यादीने पकडले, पण तसा आजार नसलेल्यांतल्याही निम्म्याहून अधिकांवर बोट ठेवलं. त्यामुळे यादी ही तपासणी कुणाची आधी करायची ते ठरवते. निदान करत नाही. दिवसाच्या झोपेसाठी मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१मध्ये केलेली एपवर्थ मोजपट्टीही वापरतात. वाचताना, टीव्हीपुढे, प्रवासात अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीनमध्ये द्यायची. बेरीज दहाच्या वर गेली तर लक्ष द्यायचं. पण तीव्र आजार असूनही दिवसा झोप न येणारे रुग्ण पुष्कळ असतात, आणि ते या पट्टीतून सुटतात.

शाखाधिकाऱ्यांची तपासणी घरीच झाली: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी. सहा तासांच्या नोंदीत १६८ अडथळे, म्हणजे तासाला २८. प्राणवायू एकदा ७६ टक्क्यांपर्यंत उतरलेला. घरच्या यंत्राला माणूस झोपला होता की नुसता पडून होता हे कळत नाही. ते पूर्ण नोंदीच्या तासांनी भागतं, त्यामुळे खरा आकडा २८हून जास्त असण्याचीच शक्यता.

अशांना सीपॅप यंत्र सुचवतात. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१मध्ये ही पद्धत मांडली: नाकावरच्या मास्कमधून सतत हलक्या दाबाची हवा द्यायची, म्हणजे घशाच्या भिंती मिटत नाहीत. श्वास त्याच रात्री सुधारतो. रक्तदाबाचा लाभ मात्र बेताचा आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. तीन किंवा अधिक गोळ्यांना न जुमानणाऱ्या दाबाच्या रुग्णांवर स्पेनमध्ये झालेल्या, २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी चोवीस तासांचा सरासरी दाब सुमारे तीन अंकांनी जास्त उतरला. २०१६च्या ‘सेव्ह’ चाचणीत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या २,७००च्या आसपास रुग्णांत यंत्राने पुढचे झटके कमी झालेच नाहीत. पण त्यांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावलं होतं, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना चाचणीतून आधीच वगळलं होतं. म्हणून ‘यंत्र लावा, हार्ट ॲटॅक टळेल’ असं कुणी सांगत असेल, तर तेवढा पुरावा हातात नाही. गोळ्या आपल्या मनाने बंद करणं तर धोक्याचंच.

यंत्रात रोजच्या वापराचे तास आणि उरलेले अडथळे नोंदले जातात. शाखाधिकाऱ्यांनी तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना ही नोंद न्यायला हवी आणि चोवीस तासांचा दाबाचा आलेख पुन्हा काढून घ्यायला हवा. वापर चार तासांखाली असेल, तर आधी मास्क बदलून पाहायचा. तोंडातून हवा गळते का, नाक चोंदतं का, ते बघायचं. वापर पुरेसा असून अडथळे तासाला पाचच्या आत आले, आणि तरीही रात्रीचा दाब उतरत नसेल, तर मूत्रपिंड आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी, आणि चौथ्या गोळीचा विचार.