अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर

स्मार्ट प्लगचं अपडेट साठ टक्क्यांवर आलंय आणि नेमकी लाइट गेली, तर आता प्लग कायमचा गेला अशी धास्ती वाटते. नीट बनवलेल्या प्लगचं यात काहीच बिघडत नाही. लाइट आली की तो जुन्याच फर्मवेअरवर सुरू होतो आणि नंतर कधीतरी अपडेट पुन्हा उतरवून घेतो.

अशा वस्तूंमध्ये हमखास सापडणारी एक चिप म्हणजे ईएसपी-32. ती बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी मूळची शांघायची. तिचं एक कार्यालय पुण्यातही आहे. या चिपसोबत बहुधा 4 एमबीची फ्लॅश मेमरी असते आणि तिच्यात फर्मवेअरसाठी `ota_0` आणि `ota_1` असे दोन कप्पे आखता येतात. प्लग एका कप्प्यातून चालू असतो तेव्हा नवं फर्मवेअर दुसऱ्या कप्प्यात उतरतं. चालू कप्प्याला हात लागत नाही, म्हणून उतरवणं कितीही वेळा तुटलं तरी चालतं. याची किंमत जागेत मोजावी लागते, कारण एक कप्पा एरवी नुसता पडून असतो. जिथे ही जागा वाचवण्यासाठी जुन्यावरच नवं लिहितात, तिथे मात्र लाइट जाण्याची भीती खरी असते.

खरा नाजूक क्षण त्यानंतरचा. आता कोणत्या कप्प्यातून सुरू व्हायचं, ही नोंद `otadata` नावाच्या छोट्या जागेत असते. फ्लॅश मेमरीत लिहिलेलं जागच्या जागी खोडून बदलता येत नाही. आधी 4 केबीचा अख्खा तुकडा पुसावा लागतो. पुसणं आणि लिहिणं यांच्यामध्ये लाइट गेली तर नोंदच नाहीशी होईल. म्हणून ती दोन वेगळ्या तुकड्यांत, आळीपाळीने लिहितात. प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक आणि तपासणीचा आकडा असतो. सुरुवातीला चालणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे बूटलोडर, शाबूत नोंदींपैकी मोठ्या क्रमांकाची नोंद मानतो. नवी नोंद अर्धवट राहिली, तर जुनी असतेच.

फर्मवेअर पूर्ण आणि बिनचूक उतरलं, पण मुळातच सदोष असलं तर? यासाठी बूटलोडर त्याला पहिल्यांदा उमेदवारीवर घेतो. नव्या फर्मवेअरने सुरू झाल्यावर स्वतःची तपासणी करून ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं असतं:

```
esp_ota_mark_app_valid_cancel_rollback();
```

ही ओळ चालण्याआधीच चिप पुन्हा सुरू झाली, मग ती कोसळून असो, वॉचडॉग टायमरने अडकलेली पाहून रीसेट केल्यामुळे असो किंवा लाइट गेल्यामुळे, तर बूटलोडर नव्याला बाद ठरवून जुन्या कप्प्याकडे परततो. ही सोय आपोआप चालू नसते, बनवणाऱ्याने ती चालू करावी लागते. आणि चालू केली तरी ‘ठीक’ कशाला म्हणायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. सगळी मेख इथे आहे.

ऑगस्ट 2017मध्ये अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीने इंटरनेटला जोडलेल्या दारांच्या कुलपांना अपडेट पाठवलं. एका मॉडेलचं फर्मवेअर दुसऱ्याच मॉडेलवर गेलं आणि सुमारे 500 कुलपं निकामी झाली. यातली बरीच एअरबीएनबीवर घरं भाड्याने देणाऱ्यांची होती. कुलपांचा सर्व्हरशी संपर्कच तुटल्याने दुरुस्तीचं अपडेट पाठवायलाही वाट उरली नाही. ग्राहकांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला, नाहीतर बदली कुलपाची वाट पाहावी लागली.

फर्मवेअर कोणत्या मॉडेलचं आहे हे लिहिण्यापूर्वी तपासणं, हा झाला पहिला अडसर. दुसरा अधिक महत्त्वाचा: दिवा लागला, बटण चाललं, एवढ्यावर ‘ठीक’ म्हणायचं नाही. वायफाय जोडून, सर्व्हरशी बोलून, पुढचं अपडेट घेता येईल याची खात्री झाल्यावरच ती ओळ चालवायची. उरलेलं सगळं पुढच्या अपडेटने सुधारता येतं. अपडेट घेण्याची क्षमताच गेली, तर घरोघरी माणूस पाठवावा लागतो. पण इथे घाईही नको. लाइट येते तेव्हा प्लग काही सेकंदांत उठतो, राउटरला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तेवढा धीर न धरणारी तपासणी चांगल्या फर्मवेअरलाही नापास करते.

परत फिरण्यालाही मर्यादा आहेत. कप्पे दोन असले तरी वायफायचा पासवर्ड, टायमरच्या वेळा यांची साठवण एकच असते. नव्या फर्मवेअरने उमेदवारीतच ती नव्या पद्धतीने लिहून ठेवली, तर परतलेल्या जुन्याला ती वाचता येत नाही. म्हणून जाणते लोक हा बदल पक्कं झाल्यानंतरच करतात. शिवाय सुरक्षेतली भोकं असलेल्या जुन्या आवृत्तीवर कुणी मुद्दाम नेऊ नये, यासाठी किमान आवृत्ती चिपमधल्या ई-फ्यूजमध्ये जाळून कायमची नोंदवता येते. ते झाल्यावर त्याआधीच्या फर्मवेअरवर परतता येत नाही.

घरबसल्या हे ओळखायचं तर अपडेटच्या आधी आणि नंतर अ‍ॅपमधला आवृत्ती क्रमांक पाहावा. अपडेट झाल्याचं सांगून, एक-दोनदा बंद-चालू होऊन, क्रमांक जुनाच दिसत असेल, तर बहुधा प्लग मागे फिरलाय. अशा वेळी तो रीसेट करायची घाई करू नये. राउटर चालू आहे ना, एवढं पाहून अपडेट पुन्हा येऊ द्यावं.