विश्लेषण : चवळीच्या वेलावरचा काळा ‘मगरीसारखा’ किडा कोण? एका फोटोपासून ओळखीपर्यंतचे दहा दिवस

मराठवाड्यात पावसाळा सरला की परसबागेतल्या चवळीच्या, वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. त्याच मागावर आणखी एक प्राणी येतो. काळपट, लांबट, पाठीवर पांढुरके-पिवळसर ठिपके आणि सहा लांब पाय असलेला. दिसायला इवल्या मगरीसारखा. अनेक घरांत तो दिसताक्षणी चिरडला जातो किंवा त्याच्यावर औषध फवारले जाते. प्रत्यक्षात तो वेलाचा राखणदार असतो. ही ओळख एका फोटोत पटत नाही. ती कशी पटते, हे समजून घेण्यासाठी परभणीतल्या एका परसबागेचे आणि सहावीतल्या एका मुलीचे काल्पनिक उदाहरण पाहू.

पहिला फोटो काय सांगतो?

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला चवळीच्या वेलावर हा किडा दिसतो. ती मोबाइल अगदी जवळ नेऊन फोटो काढते आणि तो धूसर येतो. साध्या मोबाइलचा कॅमेरा फार जवळच्या वस्तूवर स्थिर होत नाही. त्यापेक्षा वीतभर अंतर ठेवून, वाऱ्याने हलणारा शेंडा दुसऱ्या हाताने धरून फोटो काढावा आणि नंतर मोठा करून पाहावा. तीन फोटो पुरतात : एक वरून, एक पाय दिसतील असा बाजूने आणि एक आजूबाजूच्या पानांसह. शेजारी एक रुपयाचे नाणे धरले तर आकाराचाही अंदाज येतो.

फोटो पाहून घरातले म्हणतात, ‘अळी आहे, वेल खाईल.’ आजी सांगते, ‘बाई, कपाशीवरचं औषध उरलंय, तेच थोडं मार.’ हा सल्ला दोन कारणांनी धोक्याचा आहे. शेतातल्या पिकासाठीचे कीटकनाशक दोन-चार दिवसांत तोडून खायच्या शेंगांवर मारले, तर त्याचा अंश ताटात येतो. दुसरे म्हणजे, कोणाला मारतो आहोत हेच अजून ठरलेले नसते.

अळी आहे की नाही, हे कसे ठरवायचे?

पाय मोजून. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला पुढे तीन जोड्या खरे पाय असतात आणि मागे पोटाखाली मांसल, आखूड पायांच्या जोड्या असतात. त्या मागच्या पायांनी ती पान धरून ठेवते. मुलीच्या बाजूने काढलेल्या फोटोत फक्त पुढचे सहा लांब पाय दिसतात. पोटाखाली काही नाही. म्हणजे ही पाने कुरतडणारी नेहमीची अळी नव्हे.

दुसरी खूण तिसऱ्या फोटोत आहे. किड्याच्या आसपासच्या पानांना एकही भोक नाही, कडा कुरतडलेल्या नाहीत. पाने मुरडली आहेत, पण ती रस शोषणाऱ्या माव्यामुळे. फोटो मोठा केल्यावर किड्याच्या तोंडात माव्याचा दाणा दिसतो. प्रश्न आता ‘हा वेल खातो का?’ असा राहत नाही. ‘वेल खाणाऱ्याला खाणारा हा कोण?’ असा होतो.

पुढचे दिवस का महत्त्वाचे?

कारण हे किड्याचे बालरूप आहे आणि बालरूपावरून नाव ठरवणे कठीण असते. मुलगी शेंड्याला दोरा बांधून खूण करते आणि रोज सकाळी त्याच जागेचा फोटो काढून वहीत तारीख लिहिते. तिसऱ्या दिवशी पानावर एक रिकामे काळे कातडे सापडते. किडा मेला असे वाटते, पण शेजारीच तो आधीपेक्षा मोठा होऊन फिरत असतो. त्याने कात टाकलेली असते.

पाचव्या दिवशी तो शेपटीकडून पानाला चिकटतो, कुबड काढल्यासारखा वाकतो आणि हलत नाही. इथे बहुतेक निरीक्षणे संपतात, कारण ‘मेला’ म्हणून पान तोडले जाते. हा कोष आहे. काडीने हलकेच स्पर्श केला तर तो झटक्यात वर उचलला जातो. तीन-चार दिवसांनी, थंडी असेल तर थोड्या उशिराने, कोष फाटतो आणि फिकट पिवळा, एकही ठिपका नसलेला गोल भुंगेरा बाहेर येतो. हा फोटोही फसवा असतो. काही तासांत त्याचे पंख टणक होतात, रंग गडद होतो आणि पाठीवर काळ्या नागमोडी रेषा उमटतात.

आता नाव सापडते : ढालकिडा, म्हणजेच लेडीबर्ड बीटल. नागमोडी रेषांचा हा प्रकार ‘चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा’. डेन्मार्कचे कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी 1781 मध्ये त्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘सहा ठिपक्यांचा’. भारतात तो शेतांत आणि बागांत सर्रास आढळतो.

याने फरक काय पडतो?

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले साधारण आठवड्याभरात स्वतः वाढीला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा होण्यास दोन-तीन आठवडे लागतात. फवारणीत दोघेही मेले, तर उरलेला मावा आधी उसळतो आणि त्याला खाणारा मागे पडतो. उलट, एक ढालकिडा बालरूपातच काहीशे मावा फस्त करतो. परभणी भागातल्या करडईवरही मावा ही मुख्य कीड आहे आणि तिथेही ढालकिडे तिच्या मागावर येतात. म्हणून शेंड्यावर ही ‘मगर’ किंवा पानाखाली उभ्या लावलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, तर आठवडाभर थांबून पाहावे. मावा फारच वाढला, तर ढालकिडे नसलेले शेंडे खुडावेत किंवा पाण्याच्या धारेने धुवावेत.

प्रत्येक ढालकिडा मित्रच का?

नाही. वांग्यावर येणारा ‘हड्डा भुंगेरा’ ढालकिड्याच्याच कुळातला आहे, पण तो पाने खातो. त्याचे बालरूप पिवळे असते आणि अंगभर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. प्रौढ भुंगेरा तांबूस, निस्तेज, बारीक लव असलेला असून पाठीवर बहुधा 28 ठिपके असतात. मावा खाणारा ढालकिडा गुळगुळीत, चकचकीत असतो. सर्वांत खात्रीची खूण पानावर असते. हड्डा भुंगेरा पानातला हिरवा भाग खरवडतो आणि जाळी उरते. अशी जाळी दिसली तर किडे आणि अंड्यांचे पुंजके हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

फोटोची मर्यादा कुठे?

‘ढालकिड्याचे पिल्लू’ इथपर्यंत चांगला फोटो पोहोचवतो. नेमका प्रकार सांगायला बहुतेक वेळा प्रौढ भुंगेरा लागतो आणि काही प्रकारांत तोही सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. अशा वेळी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाला विचारता येते. विचारताना एकच सुंदर फोटो पाठवण्यापेक्षा तारखांसह सगळे फोटो, झाडाचे नाव आणि किडा काय खात होता ही नोंद पाठवावी. कीटकाची ओळख पटवताना तज्ज्ञ पहिला प्रश्न ‘कोणत्या झाडावर होता?’ हाच विचारतात.